ओव्हनचं १८० म्हणजे खरं किती?

केक वेळेत वरून रंग धरायचा नाही आणि मधोमध ओला राहायचा. पाककृती बदलली तरी तेच. मग शंका ओव्हनवर गेली आणि आत लटकवायचा गोल तबकडीचा थर्मामीटर आणला. त्याच्या मागे दोन धातूंची जोडपट्टी गुंडाळलेली असते. तापली की दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे पट्टी पिळते आणि काटा फिरतो. बॅटरी नाही, वायर नाही. पण काटा सावकाश चालतो, हे आधीच ध्यानात ठेवलेलं बरं.

थर्मामीटर मधल्या जाळीवर, अगदी मध्यभागी, तबकडी दाराकडे करून ठेवला. बाजूच्या भिंतीला किंवा कॉइलला खेटून ठेवला तर तो हवेऐवजी त्या धातूची उष्णता दाखवतो. आतला ट्रे काढून टाकला आणि बटण १८० वर लावलं. तबकडीवर सेल्सिअस आणि फॅरेनहाइट अशी दोन वर्तुळं असतात. आपण कुठलं वाचतोय ते सुरुवातीलाच ठरवायचं.

ओव्हनचा दिवा विझला की तापला, असं आपण धरून चालतो. माझ्या ओव्हनचा दिवा विझला तेव्हा काटा १४५ च्या आसपास होता. सेन्सर एका कोपऱ्यात असतो, तिथली हवा आधी तापते. भिंती, जाळी आणि खुद्द थर्मामीटर मागाहून. म्हणून दिवा विझल्यावर आणखी अर्धा तास तसंच राहू दिलं. या काळात दार अजिबात उघडलं नाही. दार उघडलं की आतली गरम हवा बाहेर पडते आणि वाट पाहणं पुन्हा पहिल्यापासून. वाचायचं ते काचेतूनच, टॉर्च मारून आणि डोळा तबकडीच्या समोर आणून. तिरकं पाहिलं तर काटा चार-पाच अंश पुढेमागे दिसतो.

आता खरी गंमत सुरू झाली. काटा एका जागी थांबतच नाही! थर्मोस्टॅट कॉइल चालू-बंद करत असतो. टक् असा आवाज येऊन दिवा लागला तरी काटा थोडा वेळ खालीच सरकत राहतो; दिवा विझल्यावरही कॉइलमध्ये धग असल्यामुळे तो वर चढतच जातो. त्यामुळे एकदाच डोकावून आकडा घेतला तर कुठलाही मिळू शकतो. मी दर वेळी काटा वळला की तो आकडा लिहीत गेले. वरची टोकं १७३, १७५, १७४ आणि खालची १५०, १५२, १५१. वरची सरासरी १७४, खालची १५१, त्यांचा मध्य १६२ आणि अर्धा. म्हणजे १८० पेक्षा साडेसतरा अंश कमी.

पण थर्मामीटर तरी खरं बोलतो का? हा उकळत्या पाण्यात बुडवून तपासता येत नाही, काचेच्या आत पाणी शिरतं. घरात वायरचा डिजिटल प्रोब होता. त्याचं टोक उकळत्या पाण्यात धरून पाहिलं तर ठीक दाखवत होता. (पाणी १०० लाच उकळतं ते समुद्रसपाटीला, दर ३०० मीटर उंचीला साधारण एक अंश कमी धरायचा.) पाण्याने खात्री पटते ती १०० च्या आसपासचीच, त्यामुळे वरच्या तापमानाला थोडी शंका उरतेच. मग ओव्हनची धग वायर सोसते याची खात्री करून तो प्रोब तबकडीशेजारी टांगला. प्रोब भरभर वरखाली होत होता, म्हणून त्याचाही मध्यच घेतला. तबकडी सुमारे ५ अंश कमी दाखवत होती. म्हणजे ओव्हन खरा एकशे साडेसदुसष्टच्या घरात. चूक साडेसतराची नाही, साडेबाराची.

एवढ्यावर थांबून सरसकट १३ अंश वाढवायचा मोह होता. तरी १५० आणि २२० लाही तेच केलं, तबकडीची चूक तिथेही प्रोब लावून पाहिली आणि वजा केली. १५० ला फरक ११ निघाला, २२० ला चक्क १९. फरक सगळीकडे सारखा असता तर बटण दांड्यावर थोडं फिरवून बसवणं किंवा, डिजिटल ओव्हन असेल तर, सेटिंगमध्ये एकच दुरुस्ती टाकणं पुरलं असतं. इथे तसं करून भागणार नव्हतं.

म्हणून ओव्हनशेजारी चिठ्ठी लावली आहे: १५० हवं तर १६१, १८० हवं तर १९३, २२० हवं तर २४०. शेवटचा आकडा बटणाच्या कमाल मर्यादेच्या अगदी जवळ जातो, त्यामुळे २२० च्या वरचं काही मी या ओव्हनमध्ये करायला घेत नाही. हे आकडे पंखा बंद असतानाचे आणि मधल्या जाळीचे आहेत. वरच्या जाळीवर थर्मामीटर ठेवला तेव्हा काटा वेगळंच सांगत होता.