वाटेकरी

"कळवताना अतिशय आनंद होत आहे" इतकं लिहून झालं आणि मी अडकलो. आमच्या कंपनीला पहिली सीड गुंतवणूक मिळाली: दीड कोटी रुपये, बदल्यात 12 टक्के हिस्सा. म्हणजे हे पैसे धरून कंपनीची किंमत साडेबारा कोटी. त्यातले अकरा कोटी कागदावरचेच, हे आईला समजावताना माझी दमछाक झाली. "मग भाड्याचं घर कधी सोडणार?" तिने विचारलं.

खरं तर पैसे येऊन तीन आठवडे झालेत, पण ते वेगळ्या खात्यात नुसते बसून होते. कंपनी कायद्याचं कलम 42 तसं सांगतं. शेअर्सचं वाटप करायचं, पीएएस-3 हा फॉर्म भरायचा, तोवर एका रुपयालाही हात लावायचा नाही. साठ दिवसांत वाटप झालं नाही, तर पैसे परत. पान वाढलेलं आणि श्लोक काही संपत नाही, असे ते दिवस. काल फॉर्म गेला, म्हणून आज ही घोषणा.

आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो. दुधातल्या फॅटचा आणि एसएनएफचा, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन घटकांचा, आकडा मशीनवरून घ्यायचा, दरपत्रकाला लावायचा, शेतकऱ्याच्या हातात पावती द्यायची. पहिल्याच महिन्यात पहाटे साडेपाचला अण्णांचा फोन आला. त्यांच्या केंद्रावर एक म्हातारी पावती धरून उभी होती. मशीन 3.50 दाखवतंय आणि कागदावर 3.4 का? गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅटला बांधलेला, त्याखाली गेलं की कपात. मशीनकडून आकडा 3.499 असा येत होता. मशीनचा पडदा तो जवळच्या आकड्यावर नेत होता, आमचा प्रोग्राम मात्र एका दशांशानंतरचं सगळं छाटत होता. आमच्यातल्या सर्वांत धाकट्या मुलीने केंद्रावर जाऊन मागच्या नऊ दिवसांच्या पावत्या हाताने तपासल्या. दहाव्या दिवशी बिल निघायच्या आत सगळ्यांचा फरक जमा झाला. गुंतवणूकदारांना दाखवलेल्या सादरीकरणात ही गोष्ट नव्हती. असायला हवी होती.

अण्णांसकट अकरा केंद्रांनी तेव्हा वर्षाचे सहा हजार आगाऊ दिले होते. त्या सहासष्ट हजारांत दोघांचा एकेक पगार निघाला. आता टीमसाठी दहा टक्के शेअर्स बाजूला काढलेत, पण त्या अकरा जणांचं नाव भागधारकांच्या यादीत कुठेच नाही.

म्हणून घोषणेआधी अण्णांना फोन केला.

"व्याज किती लावलंय?"

"व्याज नाही अण्णा, हिस्सा दिलाय."

"म्हंजे वाटेकरी घेतलास." थोडा वेळ मागे कॅनचा खणखणाट ऐकू आला. "बरं केलंस. आमचे सहाचे आठ हजार करू नगंस म्हंजे झालं. आणि त्या पोरीला सांग, पावतीवरची शाई चार दिवसांत उडतीया."

मसुद्यातलं "अतिशय आनंद" मी खोडलं आणि सुरुवातीला त्या अकरा गावांची नावं टाकली. शाईचं काम तिने आजच हातात घेतलंय.