'वरीलप्रमाणे करा', आणि वर काहीच नाही

रत्नागिरीत आंब्याच्या पॅकहाऊसमध्ये मी माल उतरवून घेण्यापासून गाडी भरेपर्यंतचं बघतो. एप्रिलमधली गोष्ट. मुंबईच्या एका निर्यातदाराने मला दुपारी त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घेतलं आणि संध्याकाळी मेसेज आला: "वरीलप्रमाणे करा. पहाटे गाडी निघेल." मी वर सरकवून पाहिलं. वर फक्त मला ग्रुपमध्ये घेतल्याची ओळ.

ग्रुपमध्ये नव्याने आलेल्याला आधीचे मेसेज आपोआप दिसत नाहीत. लिहिणाऱ्याच्या स्क्रीनवर मात्र ते असतात, म्हणून आपली सूचना अपुरी आहे अशी शंकाही त्याला येत नाही.

टाकीवरचा आमचा गडी देवगडचा. तो म्हणाला, "मागच्यासारख्याच असतला ता. टाकू काय पाण्यात?" मागचा माल युरोपचा होता. युरोपला जाणारा आंबा फळमाशीसाठी ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटं ठेवतात. अमेरिकेच्या मालाला त्याऐवजी विकिरण लागतं, आणि दुबईच्या मालाला आम्ही यातलं काहीच करत नाही. अंदाज चुकला तर पाण्यातून काढलेलं फळ पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. त्याला थांबवलं.

मी ग्रुपवर विचारलं, "वरीलप्रमाणे म्हणजे काय?" उत्तर आलं, "वर दिलंय ना, तेच." असा मोकळा प्रश्न विचारला की असंच उत्तर मिळतं. मग माझ्या स्क्रीनचा फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं: "मला आज दुपारी ग्रुपमध्ये घेतलंय. तुमच्या मेसेजच्या वरचं मला एवढंच दिसतं. माल कुठल्या देशाला, कुठले लॉट, किती खोके, हे लिहा. तोवर वर्गवारी करून घेतो, टाकीत काही टाकत नाही." शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं, कारण काम कुठे अडलंय ते त्यांना कळायला हवं होतं. वर्गवारी कुठल्याही देशाच्या मालाला लागतेच. डागी आणि कोवळी फळं बाजूला काढण्यात काही वाया जाणार नव्हतं.

पाचेक मिनिटांत साहेबांचा फोन. "अहो, तुम्हाला दिसतच नाही होय!" त्यांनी जुना मेसेज पुढे पाठवला: दोन लॉट लंडनला, उरलेला सगळा दुबईला. सगळंच पाण्यात घातलं असतं तर दुबईचा मालही नाहक उकडून निघाला असता.

पण त्या मेसेजच्या शेवटी आणखी एक ओळ होती: "पॅकिंग फोटोतल्यासारखं." मजकूर पुढे आला, फोटो मागेच राहिला. हे नेहमी होतं. फोटो वेगळा निवडून पाठवावा लागतो. लंडनचे लॉट टाकीकडे नेता नेता तो मागवला. त्यात एका थराचा खोका होता. आम्ही जोडून ठेवलेले सगळे दोन थरांचे, आणि एका थराचे आणायला गोदामात माणूस पाठवावा लागला.