नव्वद दिवसांची मुदत

दुपारी ताईशी झालेलं जुनं बोलणं शोधत होतो. वरच्या टोकाला तिचं एकच वाक्य लटकत होतं: "निळ्या फायलीत, पण वरच्या नाही." कशाबद्दल, ते कळायला मार्ग नव्हता. माझा प्रश्न गेला होता आणि तिचं उत्तर अजून शिल्लक होतं.

व्हॉट्सॲपवर मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय २०२० मध्ये आली, तेव्हा मुदत फक्त ७ दिवसांची होती. पुढच्या वर्षी २४ तास आणि ९० दिवस हेही पर्याय मिळाले. ताईने ९० चा घेतला. तिला पसारा सहन होत नाही, कपाटातला नाही आणि फोनमधलाही नाही. पण ही मुदत सगळ्या बोलण्याला मिळून नसते. प्रत्येक मेसेजचं घड्याळ वेगळं चालतं. मी ५ जूनला विचारलं असेल आणि तिने ८ जूनला उत्तर दिलं असेल, तर माझा प्रश्न ३ सप्टेंबरला जातो आणि तिचं उत्तर ६ सप्टेंबरला. मधले तीन दिवस ते उत्तर तसंच पोरकं पडून असतं. तिने माझा प्रश्न उद्धृत करून उत्तर दिलं असतं, तर प्रश्नाचा तुकडा उत्तरालाच चिकटून राहिला असता. हल्ली मी म्हणूनच उद्धृत केल्याशिवाय उत्तर देत नाही. लोकांना तो आगाऊपणा वाटतो.

माझे मामा आलेलं पत्र वाचून झालं की फाडून टाकत. फाडण्याआधी कामाच्या ओळी वहीत उतरवून घेत, वर तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव. लहानपणी मी शेजारी बसून पत्राचा कागद धरत असे. मामी आतून ओरडायची, "अहो, खुशाली तरी उतरवा!" मामा म्हणत, "खुशाली दर पत्रात असतेच." ती वही आता माझ्याकडे आहे. तिच्यात पत्ते आहेत, गाड्यांच्या वेळा आहेत, कोणी कोणाला किती पैसे द्यायचे ते आहे. माणसं मात्र त्यात फारशी सापडत नाहीत.

तरी मामांची तारीख-नावाची शिस्त मला पटते. जपून ठेवायचं म्हणून लोक स्क्रीनशॉट काढतात. त्यात मेसेजशेजारी वेळ दिसते, पण तारीख तेवढ्या तुकड्यात आली तर आली. नावही आपण फोनमध्ये जे लिहून ठेवलं असेल तेच दिसतं. मेसेज दुसरीकडे फॉरवर्ड केला तर तो तिथे टिकतो, अर्थात तिथे मुदत लावलेली नसेल तरच. पण मुळात कोणी आणि कधी लिहिला होता ते हरवतं. काम मोठं असेल तर अख्खं चॅट एक्स्पोर्ट केलेलं बरं. साध्या मजकुराची फाइल मिळते, प्रत्येक मेसेजला तारीख, वेळ आणि नाव असतं. फक्त ते मुदतीच्या आत करायला हवं, कारण पुसलेलं त्या फायलीत येत नाही. बॅकअपवर विसंबूनही उपयोग नाही. बॅकअपमध्ये मेसेज गेला असला, तरी तो परत फोनवर आणताना मुदत संपलेले गळून पडतात.

याहून गमतीची सोय २०२३ मध्ये आली. मेसेजवर बोट दाबून धरायचं आणि Keep करायचं, की तो मुदतीनंतरही राहतो. मात्र ज्याने लिहिला त्याला ते कळवलं जातं आणि तो नकार देऊ शकतो. त्याने नकार दिला की विषय संपला, मेसेज ठरल्या वेळी जाणार. मला हे फार योग्य वाटतं. लिहिणाऱ्याने पुसलं जाईल या भरवशावरच लिहिलेलं असतं. स्क्रीनशॉटवाला हे कोणाला विचारत नाही, आणि मामांनीही कधी विचारलं नसणार.

पण त्यामुळे जपणं चारचौघांत आल्यासारखं होतं. फाइल कुठे आहे हा मेसेज ठेवायला काहीच वाटत नाही. एखाद्या रात्री भांडणानंतर ताईने लिहिलेल्या चार ओळी ठेवायच्या, तर तिला लगेच कळणार की याने त्या ठेवल्या. कशासाठी ठेवल्या, हे मात्र तिला कळणार नाही. पुरावा म्हणून की आवडल्या म्हणून? मी तसं एकदाही केलेलं नाही. त्या ओळी आता नाहीत आणि मला त्या नीट आठवतही नाहीत.

निळ्या फायलीचं मात्र फोन करून विचारलं. तिलाही आठवेना. मग बराच वेळ आम्ही भलत्याच विषयावर बोलत राहिलो. दोन दिवसांनी फोनवर सूचना आली: ताईने माझा एक मेसेज ठेवून घेतला होता. उघडून पाहिलं तर नुसतं "बरं." असं लिहिलेलं. नकार देता आला असता. दिला नाही, आणि का ठेवलंस तेही विचारलं नाही.