स्कॅल्पिंग, स्विंग की पोझिशन: शिफ्टवाल्या माणसाने काय निवडलं

मी अंबडच्या एका कंपनीत मशीन शॉपला आहे, राहायला पाथर्डी फाट्याला. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, सकाळी सात ते साडेतीन, आणि पुढचा आठवडा सेकंड, साडेतीन ते रात्री बारा. शेअर मार्केट सव्वानऊला उघडतं आणि साडेतीनला बंद होतं, म्हणजे फर्स्टच्या आठवड्यात मार्केटचा एक मिनिटही माझ्या हातात नसतो (शॉपफ्लोअरवर मोबाईल चालत नाही, लॉकरला ठेवावा लागतो) आणि सेकंडच्या आठवड्यात उलट सगळं मार्केट समोर मोकळं. घोळ इथूनच सुरू झाला, कारण सेकंड असली की वाटायचं की आपण घरी बसलोयच तर स्कॅल्पिंग, म्हणजे काही मिनिटांत शेअर घेऊन विकायचं काम, का करू नये.

खात्यात दीड लाख होते. एका ट्रेडला साधारण एक लाखाचा माल घ्यायचो, लिव्हरेज म्हणजे ब्रोकरचे उसने पैसे न वापरता. पाचशेच्या आसपासचा शेअर, 200 क्वांटिटी, एक रुपया वर गेला की नफा घ्यायचा ते टार्गेट आणि एक रुपया खाली गेला की तोटा सोसून विकायचं तो स्टॉपलॉस. पाच मिनिटांचा चार्ट, कधी एक मिनिटाचा. तीन महिन्यांत सेकंड शिफ्टचे सहा आठवडे आले, त्यात 46 ट्रेड झाले, 27 बरोबर आणि 19 चूक. अॅपमध्ये रोज संध्याकाळी बघितलं तर एकूण बेरीज हिरवीच, साधारण 1,600 रुपये प्लस. पण खात्यातली रक्कम कमी होत चालली होती, आणि हे का होतंय ते मला महिनाभर कळलंच नाही. पोझिशनच्या पानावर दिसणारा नफा चार्जेस वजा न करता दाखवलेला असतो, खरा हिशोब कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये असतो आणि ती मेलवर यायची पण मी उघडत नव्हतो.

एका रविवारी सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोट काढून बसलो. एक लाखाला घेतलं आणि तेवढ्यालाच विकलं तर दोन्ही बाजूंचं ब्रोकरेज वीस-वीस म्हणजे 40, विकताना सरकारचा व्यवहार कर एसटीटी 0.025 टक्के म्हणजे 25, एक्स्चेंजचे सहाएक रुपये, स्टॅम्प ड्युटी तीन, आणि ब्रोकरेज-एक्स्चेंज चार्जवर 18 टक्के जीएसटी आठेक रुपये. एकूण 82 च्या आसपास. म्हणजे एक रुपया मिळाला तर हातात 200 नाही, 118 येतात, आणि एक रुपया गेला तर 282 जातात. आता 118 जिंकायचे आणि 282 हरायचे असतील तर नुसतं बरोबरीत राहायला शंभरात सत्तर ट्रेड बरोबर यायला हवेत. माझे 58-59 येत होते. 46 ट्रेडचे चार्जेस झाले साधारण 3,772, वरून 1,600 आले, म्हणजे 2,172 रुपये खिशातून गेले. मी चुकीचे ट्रेड घेत नव्हतो, पण एवढ्या छोट्या टार्गेटवर तेवढा खर्च भरून निघत नव्हता.

मग मला वाटलं की अकाउंट मोठं केलं तर? तोही हिशोब केला. पाच लाखाचा ट्रेड, 1,000 क्वांटिटी धरली तर ब्रोकरेज तेच 40 राहतं पण एसटीटी 125, एक्स्चेंज 30, स्टॅम्प 15 आणि जीएसटी तेरा धरून 223 होतात. शेअरमागे 41 पैशांऐवजी 22 पैसे. बरोबरीचा आकडा सत्तरवरून 61 वर येतो. माझ्या 58-59 ला तेही पुरलं नसतं, आणि ते पाच लाख आणायचे कुठून हा वेगळाच प्रश्न. लिव्हरेज घेऊन एवढी क्वांटिटी घेता येते हे माहीत आहे, पण मग एक रुपया उलटा गेला की हजार रुपये जातात आणि दीड लाखाच्या खात्याला ते झेपत नाही. घेण्या-विकण्याच्या भावातला फरक म्हणजे स्प्रेड आणि ठरवलेल्यापेक्षा वेगळाच भाव मिळणं म्हणजे स्लिपेज, हे तर मी यात धरलंच नाहीये, ते अजून वेगळं लागतं.

आमच्या सीएंनी अजून एक गोष्ट सांगितली जी कोणी आधी सांगत नाही. शेअर त्याच दिवशी घेऊन विकला, म्हणजे इंट्राडे केलं, की ते स्पेक्युलेटिव्ह बिझनेस इन्कम धरतात, म्हणजे पगारदार माणसाला आयटीआर-3 भरावा लागतो, आणि तो तोटा पगारातून वजा होत नाही. दोन हजारांच्या तोट्यासाठी मी सीएंना वेगळी फी दिली.

पण खरी अडचण पैशांची नव्हती, झोपेची आणि स्वभावाची होती. सेकंड सुटून घरी यायला साडेबारा, जेवण-बिवण होऊन झोपायला दीड-दोन, आणि सव्वानऊला डोळे चोळत चार्ट उघडायचा. मी एक वही ठेवली होती, प्रत्येक ट्रेडपुढे वेळ, क्वांटिटी आणि एक ओळ, त्या वेळी मनात काय चाललं होतं ती. ती वही परत वाचली तेव्हा दिसलं की दोन लॉस लागोपाठ झाले की तिसऱ्या ट्रेडची क्वांटिटी 200 पेक्षा जास्त आहे, आणि पुढे लिहिलंय "आता कव्हर करू". असं सात वेळा. मी शांत माणूस आहे असं घरचे म्हणतात, मलाही तसंच वाटायचं, पण पाच मिनिटांत निर्णय घ्यायची वेळ आली की मी शांत राहत नाही हे मला त्या वहीतून कळलं. आणि एक दिवस बायकोने सरळ विचारलं, अहो, तुम्ही सेकंडला घरी असता की नसता? मुलीला शाळेतून आणायचं मी दोनदा विसरलो होतो. त्या आठवड्यात स्कॅल्पिंग बंद केलं.

पोझिशन ट्रेडिंगकडे वळलो ते आमच्या टूलरूममधल्या काकांमुळे. ते वीकली चार्ट बघतात, फक्त रविवारी, आणि एकेक शेअर आठ-दहा महिने धरतात. वेळेच्या दृष्टीने शिफ्टवाल्याला यापेक्षा सोयीचं काही नाही, खर्चही नगण्य. पण इथे स्टॉपलॉस लांब असतो, पंधरा-वीस टक्के, आणि दीड लाखाच्या एक टक्का रिस्कमध्ये म्हणजे 1,500 रुपयांत पाचशेच्या शेअरला शंभर रुपयांचा स्टॉप ठेवला तर फक्त 15 शेअर येतात, साडेसात हजाराचे. बारा हजाराचा एखादा शेअर असेल तर त्यात एकही बसत नाही, कारण पंधरा टक्के म्हणजे 1,800 झाले. तरी छोट्या किमतीचे शेअर घेऊन जमलं असतं. जमलं नाही ते माझ्यामुळे. तिसऱ्या आठवड्यात एक शेअर नऊ टक्के खाली होता, स्टॉपला अजून बरंच अंतर होतं, पण मी रोज अॅप उघडत होतो आणि एका बुधवारी विकून टाकला. नंतर दुसराही तसाच सहा टक्क्यांवर. काका म्हणाले, तू रोज बघतोस ना, मग तुझा चार्ट वीकली नाहीच. ते अगदी खरं होतं.

मग राहिलं स्विंग, म्हणजे शेअर काही दिवस किंवा आठवडे धरणं, आणि ते मी निर्णय मार्केटबाहेर घ्यायचा या एकाच अटीवर सुरू केलं. डेली कँडल, म्हणजे चार्टवरची त्या दिवसाच्या भावाची खूण, पूर्ण झाल्यावरच बघायचं. फर्स्ट असली की साडेचार-पाचला घरी आल्यावर, सेकंड असली की दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, मार्केट उघडायच्या आत. पाचशेला घेतला, स्टॉप 470, टार्गेट 560. तीस रुपये रिस्क, 1,500 भागिले तीस म्हणजे 50 शेअर, 25,000 रुपये. असे जास्तीत जास्त पाच. माझ्या ब्रोकरकडे डिलिव्हरीला ब्रोकरेज नाही, तरी एसटीटी दोन्ही बाजूंना 0.1 टक्का, स्टॅम्प, विकताना डीपी चार्ज धरून 75 रुपये जातात. पण इथे मिळाले तर 3,000 मिळतात, त्यामुळे शंभरात पस्तीस बरोबर आले तरी बरोबरी होते. सत्तर आणि पस्तीस, हा फरक मी कागदावर लिहून कपाटाला आतून चिकटवलाय.

स्टॉप आणि टार्गेट दोन्ही जीटीटीला, म्हणजे ठरवलेला भाव आला की आपोआप जाणाऱ्या ऑर्डरला, लावून कामाला जायचं असं ठरलं, पण त्यातही दोन ठेचा लागल्या. पहिली, माझं डीडीपीआय, म्हणजे विकलेले शेअर डीमॅटमधून काढायची ब्रोकरला दिलेली कायमची परवानगी, झालेलं नव्हतं, त्यामुळे होल्डिंगमधला शेअर विकायला टी-पिन टाकून ऑथराइज करावं लागतं आणि तसं केलेलं नसताना ट्रिगर झालेली ऑर्डर रिजेक्ट झाली. मी मशीनवर, फोन लॉकरला. ऑनलाइन डीडीपीआय केल्यावर ते मिटलं. दुसरी जास्त महाग पडली. जीटीटी ट्रिगर झाल्यावर लिमिट ऑर्डर जाते, म्हणजे लिमिटच्या खालच्या भावाला ती विकत नाही. माझा ट्रिगर 470 आणि लिमिट 467. रिझल्टच्या दुसऱ्या दिवशी शेअर सरळ 441 ला उघडला. ऑर्डर गेली पण 467 ला घ्यायला कोणीच नव्हतं, ती दिवसभर पेंडिंग पडून राहिली, संध्याकाळी आपोआप रद्द, आणि जीटीटी एकदा ट्रिगर झाली की संपते, म्हणजे दुसऱ्या दिवसासाठी स्टॉप उरलाच नव्हता. मी रात्री बघितलं आणि सकाळी नवीन ऑर्डर टाकून 441 लाच बाहेर पडलो. 1,500 ऐवजी 2,950 गेले. आता ट्रिगरच्या खाली पाचेक टक्के अंतरावर लिमिट ठेवतो, विकताना समोरचा जो चांगला भाव असेल तोच मिळतो त्यामुळे लिमिट खाली ठेवल्याने नुकसान होत नाही, आणि शेअर घ्यायच्या आधी एनएसईच्या साइटवर रिझल्टची तारीख बघतो. तारीख दहा दिवसांच्या आत असेल तर घेतच नाही. त्याहून मोठा गॅप पडला, जसा 441 चा होता, तर ही सोयही उपयोगी पडत नाही, म्हणून पाचही शेअर एकाच सेक्टरचे ठेवत नाही.

नऊ महिन्यांत 24 ट्रेड झाले, 10 फायद्यात आणि 14 तोट्यात. फायद्याचा सरासरी ट्रेड 2,300 चा कारण काही मी टार्गेटच्या आधीच सोडले, तोट्याचा 1,350 चा. चार्जेस जाऊन साधारण 2,300 रुपये राहिले, टॅक्स अजून वेगळा. एफडीने यापेक्षा जास्त दिलं असतं हे मी बायकोलाही सांगितलं आणि तसंच वहीत लिहिलं. पण वहीत "आता कव्हर करू" असं एकदाही नाही, आणि 24 च्या 24 ट्रेडची क्वांटिटी आधी ठरवलेली तीच आहे. आता काम एवढंच उरलंय की टार्गेटच्या आधी सोडलेले ते चार ट्रेड का सोडले ते शोधायचं. त्यातले तीन सेकंड शिफ्टच्या आठवड्यातले आहेत, मी घरी असतानाचे. म्हणून येत्या सोमवारी सेकंड लागतेय तर साडेआठच्या आत जीटीटी लावून अॅपमधून लॉगआउट करायचं आणि मुलीला घेऊन शाळेत जायचं असं ठरवलंय.