आट्यांच्या बरणीतून मधाची धार: माझा अनुभव

मधाची किंवा तेलाची धार शूट करायची म्हटलं की सगळे आधी कॅमेरा कोणता, लाइट कोणता हेच विचारतात. लाइटचं काम अर्ध्या तासात उरकतं. खरा वेळ जातो तो बरणीच्या तोंडाशी. सोलापुरात छोट्या मध-तेल विक्रेत्यांसाठी मी अशी शूट करतो, आणि स्वस्त पडते म्हणून सगळ्यांनी घेतलेली ती रुंद तोंडाची, पत्र्याच्या झाकणाची, आट्यांची काचेची बरणी पाहिली की माझं डोकं आजही तापतं. ही बरणी चमचा घालायला बनवलेली आहे, ओतायला नाही. आणि मालकांची अट ठरलेली: "धार आमच्याच बरणीतनं पडली पाहिजे."

उजेडाचं आधी सांगून टाकतो. सोनेरी पारदर्शकपणा हवा तर उजेड मागूनच यायला हवा. समोरून लाइट मारला की मध चकाकतो, पण आतून उजळत नाही. मागे लाइट, मध्ये ताणून लावलेला बटर पेपर, आणि चौकटीबाहेर डाव्या-उजव्या बाजूला काळ्या कार्डाच्या पट्ट्या, एवढं पुरतं. त्या पट्ट्यांमुळे धारेच्या कडांना बारीक काळी रेघ येते आणि धार पार्श्वभूमीत विरघळत नाही. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. कॅमेरा सोनेरी छटा 'दुरुस्त' करतो आणि मध पांढुरका दिसायला लागतो. ५५०० केल्विनला लॉक करून टाका.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना कोड्यात टाकते. बरणीतला मध जवळजवळ तपकिरी दिसतो आणि धार फिकी, कधी पाण्यासारखी. मध तोच असतो, फरक जाडीचा. बरणीत उजेडाला सात सेंटिमीटर मधातून यावं लागतं, धारेत चार-पाच मिलिमीटर. म्हणून धार जाड हवी, आणि बरणीच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असं, बरणीपेक्षा किंचित लहान कापलेलं पांढरं किंवा सोनेरी कार्ड तिरपं ठेवायचं. कार्डाने परतवलेला उजेड बरणीतून येतो आणि दोन्हींचा रंग जवळ येतो.

आता तापमान. मधाचा घट्टपणा तापमानावर इतका अवलंबून असतो की २० अंशांवरून २९-३० वर गेलात तरी तो साधारण तिसऱ्या हिश्शावर येतो, आणि ४० ला गेलात की पुन्हा तिसरा हिस्सा. सोलापुरात हे फुकट मिळतं आणि फुकट बिघडतंही. मे महिन्यात भरदुपारी मधाची धार बारीक आणि चपळ होते, जड वाटतच नाही. डिसेंबरच्या सकाळी तोच मध बरणीतून हलायला तयार नसतो. मला ३० अंशांच्या आसपासचा मध सगळ्यात देखणा वाटतो: धार अखंड पडते आणि खाली घड्या घालत बसते. ओलावाही तितकाच महत्त्वाचा. साडेपंधरा टक्के ओलाव्याचा मध अठरा टक्क्यांच्या मधापेक्षा जवळपास तिप्पट घट्ट असतो. म्हणून नवीन लॉट आला की रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकून बघतो. २० टक्क्यांच्या वर असेल तर शूटचं सोडाच, तो मध आंबायची भीती असते आणि नियमातही बसत नाही.

मध गढूळ दिसत असेल तर बरणीमागे टॉर्च धरा. बारीक कण चमकले तर साखर धरायला लागली आहे. सूर्यफुलाच्या मधाचं हे फार लवकर होतं. झाकण घट्ट लावून, पाणी झाकणाच्या खाली राहील असं ४०-४५ अंशांच्या पाण्यात बरणी दोन-तीन तास ठेवायची, पाणी निवलं की बदलायचं. गॅसवर उकळू नका, रंग गडद होतो आणि तो परत येत नाही.

आता बरणीचं तोंड. आट्यांच्या बरणीचा काठ जाड आणि गोलसर असतो आणि त्याच्या लगेच खाली आटे. बरणी गळ्यापर्यंत भरलेली असेल तर थोडी कलली तरी मध काठावर येतो. त्या वेळी बरणी जेमतेम तिरकी असते, म्हणजे काठाबाहेरची काच अजून खाली उतरतीच असते. मधाला दोन वाटा मिळतात: काठावरून सुटून हवेत पडायचं किंवा गोल काठाला चिकटून वळायचं आणि बाहेरच्या काचेवरून ओघळायचं. प्रवाह संथ असला की तो दुसरी वाट धरतो. मग आटे त्याला अडवतात, आट्याआट्याने मध बाजूला पसरतो आणि एका धारेच्या दोन होतात: एक जिथे हवी तिथे, दुसरी लेबलवर. लेबल कागदी असेल तर ती बरणी त्या दिवसापुरती बाद.

यावर लोक बरणी हळू कलवतात. त्याने उलट होतं. हळू म्हणजे बारीक प्रवाह, आणि बारीक प्रवाहच काठाला चिकटतो. खरा उपाय कलण्याच्या कोनात आहे आणि तो कोन ठरतो बरणीत मध किती आहे त्यावरून. बरणी तिसरा हिस्साच भरलेली ठेवा. आता मध काठावर यायला बरणी जवळजवळ आडवी करावी लागते. आडवीच्याही पुढे, तोंड दहा-पंधरा अंश खाली जाईल इतकी कलवा. आता काठाबाहेरची काच मागे वर चढती आहे. ओघळायचं तर मधाला चढावर जावं लागेल, आणि मध चढत नाही. तो काठाच्या सगळ्यात खालच्या बिंदूवर गोळा होतो आणि तिथूनच सुटतो.

अर्धा किलोच्या बरणीचं उदाहरण घ्या. त्यात साधारण दीडशे ग्रॅम मध, तापमान ३० अंश. बरणी हातात धरायची नाही, हात थरथरला की धार लचकते. स्टँडच्या क्लॅम्पमध्ये रबराची पट्टी घालून पक्की करायची. मध काठाशी दोन-अडीच सेंटिमीटर रुंद येतो आणि खाली पडताना आपोआप निमुळता होत बोटापेक्षा बारीक होतो. पडायची उंची बारा-पंधरा सेंटिमीटर. त्याहून उंचावरून धार फार बारीक होते, वेटोळी भराभर पडतात आणि त्यांच्यामध्ये हवा अडकते. मागच्या उजेडात तो प्रत्येक बुडबुडा दिसतो. मालकांना भरलेली बरणी दिसायला हवी असते ना, तर तशीच दुसरी, गळ्यापर्यंत भरलेली, झाकण लावलेली बरणी मागे उभी करा. कोणाचीही तक्रार येत नाही.

तरीही शेवट राहतोच, आणि जाहिरातीत शेवटच लागतो: धार बारीक होत जाते, एक थेंब लोंबतो, सुटतो, बस. मधाचं 'बस' लवकर होत नाही. प्रवाह थांबल्यावर काचेला लागलेला थर उतरतच राहतो. पंचवीस अंशांच्या मधाचा, उभ्या काचेवर दोन सेंटिमीटर खाली, मिनिटभराने उरलेला थर साधारण अर्धा मिलिमीटर असतो. हा थर अर्ध्यावर यायला चौपट वेळ लागतो: पाव मिलिमीटरला चार मिनिटं, त्याच्या निम्म्याला सोळा. म्हणून "जरा थांबू, निथळेल" म्हणत बसण्यात अर्थ नाही. तो निथळत नाही, आपण कंटाळतो.

सगळ्यात वाईट म्हणजे धार थांबवायला बरणी सरळ उभी करणं. उभी होताना ती पुन्हा त्याच ओघळणाऱ्या कोनातून जाते आणि काठावरचा मध आट्यांत उतरतो. त्याऐवजी क्लॅम्प सैल करून बरणी आडवीच असताना स्वतःभोवती अर्धा फेरा फिरवायची आणि त्याच हालचालीत तोंड दहा-पंधरा अंश वर घ्यायचं. खालचा ओला काठ वर जातो, त्यावरचा मध बाहेर जाण्याऐवजी आतल्या काचेवरून मागे सरकतो. काठभर पातळ पुसट थर लागतो, पण आट्यांपर्यंत पोचत नाही. धारेचा तुटलेला शेपटा तेवढ्यात ताणून बारीक तार होतो आणि दोन-तीन सेकंदांत तुटतो. हीच ती हवी असलेली तार. ती टिपायला १२० फ्रेमचा स्लो मोशन पुरतो. फक्त साध्या एलईडीखाली तसं शूट केलंत तर आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेमुळे पट्टे येतात. फ्लिकर नसलेला लाइट घ्या नाहीतर खिडकीचा उजेड.

काठाबाहेर आणि आट्यांवर बोटाने करडईच्या तेलाचा अगदी पुसट हात फिरवला तर मध तिथे चटकन धरत नाही. तेलाचा हात लावलेल्या चमच्यावरून मध सरकतो तसंच. पण ही बरणी नंतर विकायची नाही, आणि तेल जास्त झालं तर मागच्या उजेडात त्याचे फराटे दिसतात.

पुसायला नवा टर्किश टॉवेल घेऊ नका. सोलापुरात तो हाताशी असतोच, म्हणून सांगतो. नव्या टॉवेलचे तंतू काठाला लागतात आणि क्लोजअपमध्ये मधात केस पडल्यासारखे दिसतात. बऱ्याच वेळा धुतलेलं मलमल, कोमट पाण्यात पिळून, आणि लगेच कोरड्या मलमलने. काठावर पाण्याचा थेंब राहिला तर तिथला मध पातळ होऊन वेगळाच ओघळतो.

तेलाचं दुखणं याच्या उलटं आहे. करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल मधापेक्षा शंभराहून जास्त पटींनी पातळ. थर राहत नाही, धागा क्षणात तुटतो, त्यामुळे 'संथ धार' तेलाकडून मागायचीच नाही. ते काचेला पसरूनही धरतं, म्हणून रुंद तोंडाची बरणी इथेही त्रासच देते. अरुंद तोंडाची बाटली घ्या, तिला धारदार काठाचं प्लॅस्टिकचं ओतणं बसवा, आणि थांबवताना बाटली झटक्यात उचला. घाण्याचं ताजं तेल असेल तर गाळ खाली बसेपर्यंत तीन-चार दिवस हलवू नका आणि वरचंच तेल वापरा. ढवळलेलं तेल मागच्या उजेडात सोनेरी न दिसता मातकट दिसतं.

नवीन बरण्या घेणार असाल तर घेण्याआधी एक रिकामी बरणी आणून काठावर नख फिरवून बघा. नख गोल घसरत आट्यांवर गेलं तर मधही तसाच जाणार.