एकच भिंत, दोन पंचनामे

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा एकदमच फुगल्या. पूर ओसरल्यावर चिक्कोडी-निपाणी भागातल्या एका गावात नुकसानीच्या यादीची घरोघर पडताळणी करायचं काम आमच्याकडे होतं. यादीतलं प्रत्येक घर प्रत्यक्ष बघायचं, पाणी किती चढलं ते मोजायचं, आणि यादीत नसलेलं कुणी राहिलंय का ते शोधायचं. त्या कामातला एक दिवस इथे मांडतोय. त्या दिवशी यादीत एकाखाली एक दोन नावं लागली. दोघे चुलतभाऊ, घरं एकमेकांना चिकटून, मध्ये सामाईक भिंत. एका घराला 'ए' वर्ग, दुसऱ्याला 'सी'. आणि पडलेली भिंत तीच, दोन्ही घरांच्या मधली.

त्या पुरानंतर कर्नाटकात घरांची वर्गवारी पडझडीच्या टक्क्यांवर झाली. ७५ टक्क्यांहून जास्त पडझड म्हणजे 'ए', २५ ते ७५ म्हणजे 'बी', १५ ते २५ म्हणजे 'सी'. 'ए'ला पाच लाख रुपये, 'सी'ला पन्नास हजार. म्हणजे एकाच भिंतीच्या या अंगाला आणि त्या अंगाला साडेचार लाखांचा फरक. ही घरं ज्या वस्तीत होती तिथे कुजबुज सुरू झालीच होती की एकानं पैसे चारले. आम्हाला तसं काही दिसलं नाही. जे दिसलं ते त्याहून साधं होतं, आणि म्हणूनच जास्त घरांना लागू पडणारं.

आधी पाण्याचं मोजमाप. पूर ओसरल्यावर भिंतीवर एकच रेघ राहत नाही, तीन-चार राहतात. पाणी जिथे जास्त वेळ थांबलं तिथली रेघ जाड, आणि सर्वांत वरची, म्हणजे खरी उंची दाखवणारी, अगदी पुसट असते. मातीच्या भिंतीत आणखी एक फसगत होते. भिंत पाणी वर ओढते, त्यामुळे ओल खऱ्या पाण्यापेक्षा फूट-दीड फूट वर गेलेली दिसते. ओलीची कड अस्पष्ट असते आणि तिथे गाळ नसतो. म्हणून भिंतीवर विश्वास ठेवायचा नाही. दाराची चौकट, मीटरची पेटी, देवाच्या तसबिरीची काच अशा ठिकाणी गाळाची बारीक रेघ शोधायची आणि तिथून जोत्यापर्यंत टेप लावायचा. जिथे भिंतच उरली नाही तिथे गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी शेजारच्या घरातल्या रेघेला लावून उंची आणायची. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर माप चुकतं, म्हणून दोन्ही टोकं आधी शेजारी धरून पाणी बरोबरीत येतं का ते बघायचं.

एका गावठाणात साचलेल्या पाण्याची पातळी जवळपास सगळीकडे सारखीच असते. त्यामुळे कुणाच्या घरात किती पाणी चढलं यावरूनच कुणाचं जोतं किती खाली आहे ते कळतं. या गावात चावडीजवळच्या दगडी वाड्याच्या शेवटच्या पायरीला पाणी टेकलं होतं. वस्तीत त्याच पाण्याची रेघ जोत्यापासून साडेपाच फुटांवर होती. गंमत म्हणजे वाडा नदीला जास्त जवळ आहे. पण वस्ती आहे ओढ्याच्या काठाला. नदी भरून वाहू लागली की ओढ्याचं पाणी तिच्यात शिरत नाही, उलट फुगवट्यानं मागे सरकतं. नदीनं आपला काठ ओलांडण्याच्या आधीच ओढा वस्तीत शिरतो, आणि नदी उतरली तरी ओढा रिकामा व्हायला वेळ लावतो. लोकांनी सांगितलेले दिवस आम्ही एकमेकांशी ताडून पाहिले. वाड्याच्या पायरीवर पाणी जेमतेम एक दिवस होतं, वस्तीतल्या घरांत सहा दिवस. नकाशावर नदीपासूनचं अंतर मोजून जे पूरधोका ठरवतात, त्यांच्या हिशोबात ही वस्ती वाड्यापेक्षा सुरक्षित निघाली असती.

हे सहा दिवस महत्त्वाचे आहेत. वस्तीतल्या जुन्या भिंती भेंड्यांच्या, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांच्या, वर लाकडी आढं आणि मंगलोरी कौलं. अशी भिंत पाण्यात उभी असते तेव्हा आतून आणि बाहेरून पाण्याचा दाब सारखा असतो. भिजून मऊ झालेल्या मातीला तेवढाच आधार. पाणी भराभर उतरलं की तो आधार जातो, आणि भिंतीच्या पोटात मात्र पाणी तसंच असतं. खालचे थर चिखलासारखे, वर कौलांचं वजन. काही भिंती त्याच रात्री बसतात. बाकीच्या उन्हाची वाट बघतात. बाहेरची बाजू लवकर वाळते, आक्रसते, आतली ओलीच राहते, मग उभी चीर जाते आणि आठ-दहा दिवसांनी भिंत खाली येते. सिमेंटच्या घराचं नुकसान पाणी उतरलं त्या दिवशी जेवढं दिसतं, साधारण तेवढंच राहतं. मातीच्या घराचं तसं नसतं.

आता दोन्ही पंचनाम्यांच्या तारखा. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी पथक वस्तीत आलं. पूर्वेकडच्या घरात त्या चुलतभावाची आई होती, आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. त्यांचं घर बघून झालं. मागची भिंत थोडी खचलेली, स्वयंपाकघराचा कोपरा पडलेला, बाकी घर उभं. टक्के पडले वीसच्या आसपास, वर्ग 'सी'. पश्चिमेकडच्या घराला कुलूप होतं. ते कुटुंब पाहुण्यांकडे गेलेलं. त्यांचा पंचनामा बाराव्या दिवशी झाला. तोवर मधली भिंत कोसळली होती, तिच्यावर टेकलेलं आढं आणि कौलं दोन्हीकडे खाली आली होती. पश्चिमेकडच्या घराच्या पुढच्या दोन भिंती आधीच गेल्या होत्या, म्हणून त्यांना 'ए' मिळाला. त्यात काहीच गैर नाही. पण त्याच पडझडीत मावशींच्या घराचंही अर्धं छप्पर गेलं होतं, आणि कागदावर त्यांचं घर अजून उभं होतं.

"साहेब, ते आले तवा भिंत हुती की ओ. मी काय खोटं सांगू?" मावशी म्हणाल्या. पंचांसमोर त्यांनी खरं सांगितलं, तेच त्यांना महाग पडलं.

पथकानं हयगय केली असंही म्हणता येत नाही. लवकर पंचनामा करा ही मागणी लोकांचीच असते, आणि त्यावर हातात पडायची दहा हजारांची तातडीची मदत अवलंबून होती. घोळ आहे तो तातडीच्या मदतीचा पंचनामा आणि घराचा वर्ग ठरवणारा पंचनामा एकच मानण्यात. कपडे-भांड्यांसाठी तिसऱ्या दिवशी यावं. भेंड्यांच्या घराचा वर्ग मात्र पंधरवडा उलटल्यावर, भिंती वाळल्यावर ठरवावा. वाड्याच्या मालकाला या फरकानं काहीच होत नाही. ज्याचं घर मातीचं आणि सखल जागी, त्याचंच नुकसान उशिरा पूर्ण होतं, आणि तोवर नोंद बंद झालेली असते.

भिंत पंचनाम्यानंतर पडली हे सिद्ध कसं करायचं? सांगून भागत नाही. मुद्दाम पाडली, असा शेरा पडू शकतो. पुरावा जमिनीवरच होता. पुरानं घरात बोट-दोन बोट गाळ सोडला होता. भिंत पाण्यात असताना पडली असती तर तो गाळ ढिगाऱ्याच्या वर बसला असता. इथे आम्ही ढिगाऱ्याची कड फावड्यानं अलगद सरळ कापली, तर गाळाचा थर खाली होता, वाळून त्याला भेगा पडलेल्या, आणि त्या भेगांत भेंड्यांचा चुरा गेलेला. म्हणजे आधी पाणी गेलं, मग गाळ वाळला, मग भिंत आली. पाडलेल्या भिंतीत पहारीच्या खुणा दिसतात आणि विटा एका बाजूला पडतात. इथे तळ बसून वरचा भाग दोन्हीकडे ओघळला होता. कापलेल्या कडेला टेप लावून फोटो काढले. बहुतेक ठिकाणी हा ढिगारा लोक पहिल्या आठवड्यातच उपसून टाकतात, आणि त्याच्याबरोबर पुरावाही जातो. म्हणून पुढच्या गावांत आम्ही आधी एवढंच सांगत गेलो: उपसा, पण एक कोपरा ठेवा.

फेरतपासणीच्या अर्जाला हे फोटो लावले. पश्चिमेकडच्या चुलतभावानं आपल्या पंचनाम्याची प्रत दिली, कारण त्यात 'मधली भिंत पूर्ण पडलेली' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. एकच भिंत एका कागदावर पडलेली आणि दुसऱ्यावर उभी, हा मुद्दा कुणाला समजावून सांगावा लागला नाही. अर्ज कानडीत लिहून घेतला आणि मावशींना मराठीत वाचून दाखवला. पुढे त्या घराचा 'बी' झाला. मागची आणि पूर्वेची भिंत उभी असल्यानं 'ए'चा आग्रह धरण्यात अर्थ नव्हता.

मात्र मावशींचं दुसरं नुकसान कुठल्याच वर्गात बसेना. त्यांचा मुलगा दुसऱ्याचं साठ गुंठे रान फाळ्यानं, म्हणजे मालकाला ठरलेली रक्कम देऊन, करायचा. त्या वर्षी सोयाबीन होतं, सगळं कुजलं. फाळ्याचे पंधरा हजार आगाऊ दिलेले, नांगरट, बियाणं आणि खत मिळून आणखी दहा-बारा हजार गेलेले. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ६,८०० रुपये केंद्राच्या निकषाचे आणि वर राज्याचे १०,००० अशी भरपाई होती. साठ गुंठ्यांना ती साधारण दहा हजार दोनशे होते. ती जमा झाली उताऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात. त्याला फाळाही मिळाला होता.

उताऱ्याच्या बाराव्या रकान्यात जमीन कोण कसतो ते लिहायची सोय आहे. पण १ मार्च १९७४ पासून कर्नाटकात कुळवहिवाट कायद्यानं बंद आहे, मोजके अपवाद सोडले तर. कुळाला जमीन मिळावी म्हणून आणलेला तो कायदा, आणि त्यातून अनेकांना ती मिळालीही. आज मात्र त्याचाच परिणाम असा की कुठलाही मालक फाळा कागदावर आणत नाही. रकान्यात 'स्वतः' लिहिलेलं असतं. पूर आला की जोखीम कसणाऱ्याची आणि भरपाई मालकाची. मावशींची स्वतःची भांगलणीची, म्हणजे तण काढायची, मजुरीही तशीच गेली. रानात गाळ असेपर्यंत भांगलण नाही, आणि बुडालेल्या मजुरीसाठी पंचनाम्याच्या नमुन्यात रकानाच नव्हता.

जमिनीच्या मालकांना आम्ही संध्याकाळी भेटलो. माणूस वाईट नव्हता. पुढच्या वर्षीचा निम्मा फाळा सोडतो म्हणाले, पोराला बोलावून त्याच्यासमोर पुन्हा म्हणाले. आमच्या वहीत ते टिपायला घेतलं तेव्हा मात्र हात आडवा करत म्हणाले, "ते लिहू नका. शब्द दिलाय न्हवं?"