ह्यात मी कोण आहे, ते आधी सांगा

सांगलीच्या एका हळद-मसालेवाल्यांसाठी आठ छोट्या व्हिडिओंची मालिका करत होतो. प्रत्येक व्हिडिओ तीस सेकंदांचा. लिहिणारे चौघे होते: एक पुण्याच्या जाहिरातीतला, एक रेडिओवर वाढलेला तासगावचा, एक पाककृती लिहिणाऱ्या बाई आणि एकजण कंपनीच्या इंग्रजी माहितीपत्रकावरून मराठी करणारा. प्रत्येक स्क्रिप्ट वेगळ्या दिवशी आली, एकेक करून वाचली गेली आणि एकेक करून पास झाली. डबिंगला मात्र आठही एका बैठकीत, एकाच ताईंच्या आवाजात घ्यायच्या होत्या. तिसरी स्क्रिप्ट संपली तशी ताईंनी हेडफोन काढला. म्हणाल्या, “ह्यात मी कोण आहे, ते आधी सांगा. मालकीण, शेजारीण, का शाळेतल्या बाई?”

कागद चाळले तर त्यांचं खरं होतं. पहिल्या स्क्रिप्टमध्ये कंपनी ‘आम्ही’ म्हणून बोलत होती. दुसरीत हळद स्वतःच ‘मी’ झाली होती. तिसरीत बोलणारं कोणीच नव्हतं, नुसतीच घोषणा: ‘आपल्या स्वयंपाकघराला द्या शुद्धतेचा सोनेरी स्पर्श’. पाककृतीवाल्या बाईंनी ‘पाव चमचा हळद घालावी’ असं लिहिलं होतं, रेडिओवाल्यांनी ‘भावांनो, टाका की बिनधास्त’. सुटी वाचली तर एकही स्क्रिप्ट वाईट नव्हती, म्हणूनच सगळ्या पास झाल्या होत्या. सूर जुळला नाही हे एका स्क्रिप्टमध्ये दिसत नाही, दोन स्क्रिप्टच्या मध्ये दिसतं.

कंपनीकडे ब्रँडची मार्गदर्शिका होती, बाहेरच्या एका एजन्सीने करून दिलेली, चकचकीत. आवाज कसा असावा याबद्दल तिच्यात तीन विशेषणं होती: आपुलकीचा, अस्सल, आत्मविश्वासाचा. अशा मार्गदर्शिकांबद्दल माझा राग जुना आहे. चौघांनीही ‘आपुलकीचा’ हा शब्द इमानदारीने पाळला होता. एकाची आपुलकी ‘भावांनो’ झाली, एकाची ‘आपण’ झाली आणि बाईंची आपुलकी ‘घालावी’मधल्या अदबीत होती. विशेषणावरून वाक्य लिहिता येत नाही. कोण बोलतंय, कोणाशी, क्रियापद कसं संपतंय, एवढं ठरलं तर लिहिता येतं.

रेकॉर्डिंग थांबवलं आणि तिथेच एक काम केलं, ते कोणालाही करता येईल. आठही स्क्रिप्टमधली फक्त क्रियापदं आणि सर्वनामं एका उभ्या ओळीत उतरवली, बाकीचे शब्द सोडून दिले. घाला, टाका, घालावी, वापरता, वापरतो, बघ, पाहा. ओळ लिहून होते न होते तोच चौघांनाही फरक दिसला, कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. ‘आपण’ सगळ्यात आधी काढला, कारण एका स्क्रिप्टमध्ये त्याचा अर्थ ‘तुम्ही’ होता आणि दुसरीत ‘तुम्ही-आम्ही मिळून’. ठरलं ते असं: बोलणारे ‘आम्ही’, ऐकणारे ‘तुम्ही’, आणि सांगायचं ते ‘घाला’, ‘बघा’, ‘ठेवा’ असं थेट.

मग वाद आला बोलीचा. तासगावच्या लेखकाचं म्हणणं होतं की सांगलीची हळद सांगलीच्या बोलीत बोलली पाहिजे. त्याचं वाक्य होतं, ‘बोटाचा रंग आठ दिस जायचा न्हाय!’ पुण्यातल्याला ते विनोदी वाटलं, आणि नेमका तोच धोका होता. निवेदक ‘न्हाय’ म्हणाला की बाहेरचा श्रोता मालाकडे लक्ष देत नाही, सोंगाकडे देतो. पण सगळं प्रमाण मराठीत आणलं तर ही हळद कुठलीही होते. शेवटी तोडगा निघाला तो मला अजून पटतो: क्रियापदं प्रमाण ठेवायची, नामं गावची ठेवायची. म्हणजे ‘उत्पादन’ नाही, हळकुंड आणि गड्डा. ‘प्रक्रिया’ नाही, शिजवली, वाळवली, पॉलिश केली. ‘खरेदी’ नाही, सौद्यात घेतली. ‘पारंपरिक साठवण’ नाही, हरिपूरची पेवं. गाव त्या शब्दांतून ऐकू येतं, क्रियापद वाकवावं लागत नाही. आणि कॅमेऱ्यासमोर शेतकरी बोलत असेल तर त्याचं ‘न्हाय’ जसंच्या तसं ठेवायचं. तो माणूस आहे, ब्रँड नाही.

‘शुद्ध’चं वेगळं. तो शब्द आठपैकी पाच स्क्रिप्टमध्ये होता. अन्नपदार्थांच्या जाहिरातींबद्दल २०१८चे नियम आहेत, त्यात ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’ अशा शब्दांना अटी आहेत आणि रोग बरा होण्याचे दावे चालत नाहीत. एका स्क्रिप्टमध्ये ‘सर्दी पळवते’ होतं, ते ताबडतोब गेलं. पण कायद्याच्या पलीकडेही ‘शुद्ध’ सुराला मारक होता, कारण हा शब्द प्रत्येकाचाच आहे. त्याच्या जागी दाखवता येईल अशी गोष्ट सांगायची असं ठरवलं. सोनेरी स्पर्शाचं वाक्य मग असं झालं: ‘भाजीला पाव चमचा पुरते. घालून बघा, रंगावरून ठरवा.’ आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही सांगण्यासारखी गोष्ट कोणाच्याच स्क्रिप्टमध्ये नव्हती. ती एका व्हिडिओत घेतली.

लांबीचाही सुराशी संबंध असतो, हे लिहिणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. शेवटची पाच सेकंदं नाव आणि ठरलेल्या ओळीची, म्हणजे बोलायला पंचवीसच उरतात. मराठीत तेवढ्यात पंचेचाळीस ते पन्नास शब्द आरामात बसतात. एका स्क्रिप्टमध्ये चौऱ्याहत्तर होते. तीच ताई, तोच माइक, पण ती स्क्रिप्ट वाचताना त्यांचा आवाज एसटी स्टँडवरच्या फेरीवाल्यासारखा झाला. पस्तीस शब्दांची होती तिथे इतके विराम पडले की श्रद्धांजली वाटावी. म्हणून शब्दसंख्येची मर्यादा भाषेच्या नियमांइतकीच कडक केली: पंचेचाळीसच्या खाली नाही, पन्नासच्या वर नाही.

हे सगळं एका पानात मावलं. त्यात विशेषणं नव्हती, ‘हे नको, हे हवं’ अशा वाक्यांच्या जोड्या होत्या. मंजुरीचा अधिकारही एकाच माणसाला दिला. आधी मालक, त्यांचा मुलगा आणि विक्रीवाले असे तिघे वेगवेगळे व्हॉट्सॲपवर एकेक शब्द बदलून पाठवायचे. सूर बिघडवण्यात लेखकांपेक्षा या ‘छोट्याशा दुरुस्त्यां’चा वाटा मोठा असतो, हे ग्राहकाला तोंडावर सांगायची हिंमत एजन्सीवाले करत नाहीत.

एवढं करूनही पहिला व्हिडिओ एडिट होऊन आला तेव्हा त्यावर मोठ्या अक्षरांत होतं, ‘आत्ताच ऑर्डर कर!!!’ पडद्यावरची अक्षरं, थंबनेलचा मजकूर, खालचं कॅप्शन हे सगळं एडिटर लिहितो. पाचवा लेखक तोच, आणि ते पान त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. बरेच लोक आवाज बंद ठेवून व्हिडिओ बघतात, त्यांच्यासाठी तर तोच पहिला लेखक. आता पान आधी त्याच्याकडे जातं.

एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. ‘आठ दिस जायचा न्हाय’ हे वाक्य आम्ही निवेदकाकडून काढून हळद भरडणाऱ्या मावशींना दिलं. त्यांनी ते कॅमेऱ्यासमोर, पिवळी बोटं दाखवत, स्वतःच्या लयीत म्हटलं, आणि आठांमध्ये तोच व्हिडिओ सगळ्यांना आवडला. तासगावचा लेखक म्हणतो, मग माझंच बरोबर होतं. मी म्हणतो, ते मावशी म्हणाल्या म्हणून चाललं. पुढच्या मालिकेत निवेदक ठेवायचाच का, यावर आमचं एकमत अजून झालेलं नाही.